कलम १४८अ(१) खालील नोटिशीला उत्तर : बचत खात्यातील रोख भरणा

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. आयकर अधिकारी, नाशिक

विषय : करनिर्धारण वर्ष २०२२-२३, आपली दि. १० मार्च २०२५ ची नोटीस

महोदय,

आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये माझ्या बचत खात्यात १२,००,००० रुपये रोख भरले गेले, त्याचा स्रोत आपण विचारला आहे. हा भरणा मीच केला आहे. २४ जानेवारी २०२२ रोजी ७,४०,००० आणि २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ४,६०,००० रुपये भरले.

पहिली रक्कम याच खात्यातून काढलेली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मे २०२१ रोजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. उपदान व अंशराशीकरणाचे पैसे खात्यात जमा होते. मुलीचे लग्न १६ जानेवारी २०२२ ला ठरले, म्हणून १३ डिसेंबरला ५,००,००० व २० डिसेंबरला ३,५०,००० असे एकूण ८,५०,००० रुपये काढले. डिसेंबरअखेर शासनाने लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली. पाचशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. मंगल कार्यालय, आचारी, मंडप सगळे रद्द करून त्याच तारखेला घराच्या ओट्यावर लग्न लावले. खर्च १,१०,००० झाला. उरलेले ७,४०,००० लग्नानंतर आठ दिवसांनी बँकेत परत भरले. काढणे आणि भरणे यांत जेमतेम पाच ते सहा आठवडे गेले, हे खातेउताऱ्यावर (जोडपत्र १) दिसते. छापील पत्रिका व कार्यालयाची ‘रद्द’ शिक्का असलेली पावती जोडपत्र २ मध्ये आहे.

दुसरी रक्कम लाल कांद्याची. चांदवड तालुक्यातील माझ्या १ हेक्टर २० आर क्षेत्रावर कांदा होता. सातबाऱ्यावर त्या हंगामाची पीकनोंद आहे (जोडपत्र ३). ३ जानेवारी ते २१ फेब्रुवारी २०२२ या काळात लासलगाव बाजार समितीत अकरा ट्रॅक्टर माल गेला. हमाली, तोलाई वजा जाता हाती ४,७१,३५० रुपये रोख आले. अकराही हिशोबपट्ट्या जोडल्या आहेत (जोडपत्र ४). दोन पट्ट्यांची शाई पुसट झाली आहे, म्हणून मूळ प्रती हजर करण्याची माझी तयारी आहे. मजुरीची बाकी ११,३५० देऊन उरलेले ४,६०,००० भरले.

हे शेतीउत्पन्न मी दडवलेले नाही. २९ जुलै २०२२ रोजी भरलेल्या विवरणपत्रात १,८३,३५० खर्च वजा करून २,८८,००० रुपये निव्वळ शेतीउत्पन्न दाखवले आहे (जोडपत्र ५). ते कलम १०(१) खाली करमुक्त असून दर ठरवण्यापुरते धरलेले आहे.

दोन्ही रकमांचा स्रोत कागदांवर उघड असल्याने कलम ६९अ लागू होत नाही आणि करपात्र उत्पन्न निसटलेले नाही. म्हणून कलम १४८ ची नोटीस काढण्यास हे प्रकरण योग्य नाही, असा आदेश कलम १४८अ(३) खाली व्हावा, ही विनंती. एखाद्या कागदाबद्दल शंका असल्यास आदेशापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे. आपल्याकडे याहून वेगळी माहिती असेल, तर तिची प्रत मिळावी.

पॅन व पत्ता नोटिशीत आहे तोच आहे.

आपला विश्वासू,
दत्तात्रय बाबूराव शिंदे
निवृत्त मुख्याध्यापक, ता. चांदवड, जि. नाशिक