विषय: बुधवारचे मोदक उशिरा आले, आणि त्यावर आम्ही माकड पाठवलं

गुरुवार, 28 ऑगस्ट 2025, पुणे

सप्रेम नमस्कार,

काल गणेश चतुर्थीला तुम्ही आमच्याकडे 21 उकडीच्या मोदकांचा डबा मागवला होता. सकाळी 11 च्या आत घरी पोचेल असं आम्ही लिहून दिलं होतं. तो आला नाही. कुणाकडे दुपारी अडीचला आला, कुणाकडे सव्वाचारला, आणि 38 घरांत आलाच नाही. पूजा झाली, आरती झाली, आणि नैवेद्याच्या ताटात ऐनवेळी गूळखोबरं नाहीतर पेढे ठेवावे लागले. ही चूक आमची आहे. तिची मी माफी मागतो.

पैसे परत करण्याबद्दल आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला आज कुणाला वेळ असेलच असं नाही. डब्याचे 840 आणि पोचवण्याचे 60 असे पूर्ण 900 रुपये आम्ही परत करत आहोत. यूपीआयने दिले असतील तर आज रात्री 8 पर्यंत जमा होतील. कार्डाने दिले असतील तर बँकेकडून 5 ते 7 कामकाजाचे दिवस लागतात, ते आमच्या हातात नाही. तुम्हाला अर्ज करायचा नाही, फोटो पाठवायचा नाही, कारण निवडायचं नाही. डबा उशिरा का होईना पोचला आणि मोदक खाल्ले असले, तरीही पैसे परत येतील.

आता झालं काय ते.

काल दिवसभर आम्ही तुम्हाला सांगत होतो की मोदक ट्रॅफिकमध्ये अडकले आहेत. हे फार थोड्या डब्यांच्या बाबतीत खरं होतं. नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात काल पहाटे 4 पासून 36 जणी मोदक वळत होत्या. सराईत हाताने तासाला साधारण 40 मोदक होतात. पारी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या, मोदक फुटू न देता पात्रात ठेवायचा. सहा तासांचा हिशेब केला तर 8,640 मोदक, म्हणजे 411 डबे. आणि आम्ही ऑर्डरी घेतल्या होत्या 583. राहिलेले 172 डबे आम्ही हवेतच विकले होते.

हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमला असता. आमच्याकडे तो कुणी केला नाही, कारण ॲपमध्ये रोजच्या जेवणाच्या डब्यांची मर्यादा घातलेली होती आणि मोदकांना तीच लागू झाली. पोळीभाजीचा डबा भरायला जितका वेळ लागतो तितक्यात 21 मोदक वळून होत नाहीत, हे ॲपला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. माझी आई दरवर्षी घरी 21 मोदक करते आणि त्या सकाळी तिच्याशी बोलायची कुणाची हिंमत नसते.

काहींनी विचारलं की आदल्या रात्री करून का ठेवले नाहीत. तळणीचे असते तर ठेवता आले असते. उकडीचे ठेवले की पारी वाळते, चिरा पडतात, आणि सारणात ओलं खोबरं असल्यामुळे ते भाद्रपदातल्या दमट हवेत टिकत नाही. शिळे मोदक वेळेवर पोचवण्यापेक्षा ताजे उशिरा पोचले, एवढंच काल त्यातल्या त्यात बरं झालं. पण तो निर्णय तुम्हाला सकाळी 9 लाच कळवायला हवा होता. तेव्हा आम्हाला पक्कं माहीत होतं की 172 डबे वेळेत होणार नाहीत. तेव्हा कळवलं असतं तर कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोदक आणले असते, कुणी शेजारी विचारलं असतं. आम्ही ते दोन तास गप्प बसलो. उशिरापेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

आणखी 59 डबे तयार होते, पण रस्त्यात अडकले. पुण्यात प्रतिष्ठापनेच्या दिवशी मानाच्या गणपतींच्या मिरवणुका निघतात, लक्ष्मी रस्ता आणि शिवाजी रस्ता यांच्या आसपास गाडी नेता येत नाही, हे काही काल अचानक घडलेलं नाही. वाहतूक पोलिस बंद रस्ते आधी जाहीर करतात. आम्ही पेठेत बसून पेठेबाहेरच्या लोकांना वेळ दिली आणि मधला गणपती विसरलो.

डबा घेऊन आलेल्या मुलांवर मात्र कृपा करून राग धरू नका. एकाने टिळक रस्त्याला गाडी लावून तीन डबे हातात घेऊन चालत पोचवले. त्यातल्या दोन घरांतून त्याला एक तारा मिळाला. रागाला कारण होतं, पण माणूस चुकीचा होता. कालच्या दिवसाचे सगळे तारे आम्ही काढून टाकले आहेत आणि सगळ्यांना पूर्ण दिवसाचा भत्ता दिला आहे.

आता माकडाबद्दल.

सकाळी 10 वाजून 52 मिनिटांनी तुमच्या फोनवर आमचा हा संदेश आला:

«उप्स! बाप्पांचे मोदक ट्रॅफिकमध्ये अडकले 🙈😅 थोडी कळ काढा, गोड फळ मिळेल! 🙏🎉»

असा संदेश तीन वेळा आला. ज्यांचा डबा आलाच नाही त्यांनाही आला. काही जणांना तर त्यानंतर «तुमचा नैवेद्य पोचला 🎉» असंही आलं, रिकाम्या दारात.

सहकारनगरच्या एका आजींनी फोन करून विचारलं, "अहो, हे डोळे झाकलेलं माकड कोण? तुम्ही की आम्ही?" मी उत्तर देऊ शकलो नाही. एका काकांना दिसत नाही, त्यांचा फोन त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. तो चित्रांची नावंही वाचतो. देवापुढे बसलेल्या माणसाला फोनने माकड, घामाघूम हसरा चेहरा, जोडलेले हात आणि फटाकडीचं वर्णन वाचून दाखवलं, तेही तीनदा. त्यांनी हे मला शांतपणे सांगितलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

ती चित्रं वाईट होती असं नाही. रोज पावसात «दहा मिनिटं उशीर होतोय 🛵» असं आम्ही पाठवतो, त्याचं कुणाला वाईट वाटलेलं नाही. कालची गोष्ट वेगळी होती. "मोदक अजून वळलेलेच नाहीत" हे वाक्य लिहायला आम्ही घाबरलो आणि त्याच्या जागी माकड बसवलं. "मोदक अजून वळलेले नाहीत 🙈" असं लिहून बघा. लिहवत नाही. वाक्य खरं असलं की माकडाला बसायला जागाच उरत नाही.

हे पत्र लिहितानाही आमच्याकडे यावरून तासभर वाद झाला. आमचे संदेश लिहिणारी स्वाती म्हणाली, बाकी सगळं काढा पण शेवटी एक 🙏 असू दे, आपल्याकडे माफी हात जोडूनच मागतात, नाहीतर पत्र सरकारी नोटिशीसारखं दिसेल. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि एका मसुद्यात ते हात होतेही. मग मी माझ्या फोनवर पाहिलं. घरच्या ग्रुपवर त्या सकाळी तेच हात 'शुभ सकाळ'ला होते, 'गणपती बाप्पा मोरया'ला होते, आणि खाली कुणाच्या तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही होते. इतक्या ठिकाणी जोडले गेलेले हात आमची माफी वेगळी काय सांगणार? शिवाय एक बटण दाबून 231 घरांपुढे हात जोडणं फारच स्वस्त आहे. ज्या 38 घरांत डबा आलाच नाही, तिथे मी आज आणि उद्या फोन करणार आहे. तुमची इच्छा असेल तर घरी येईन. हात तिथे जोडीन.

म्हणून या पत्रातून माझ्याकडून एकही चित्र नाही. वर दिसली ती आमच्या आधीच्या संदेशांतलीच, पुरावा म्हणून. यापुढे जिथे तुमचं काही बुडालं आहे, म्हणजे वेळ, पैसे किंवा सण, तिथे आमच्या संदेशात चित्र असणार नाही. तुम्ही उत्तरात पाठवलंत तर आमची ना नाही. रागाचं लाल तोंड काल बऱ्याच जणांनी पाठवलं, ते आम्हाला नीट समजलं.

मसुद्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी खोडली: पुढच्या ऑर्डरवर 20 टक्के सूट. माफी मागता मागता पुढची ऑर्डर मागायची, हे बरं दिसत नाही.

पुढची ऑर्डर काहींनी आधीच दिलेली आहे, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. सोमवारी, 1 सप्टेंबरला गौरीपूजन आहे आणि पुरणपोळीच्या 340 ऑर्डरी आमच्याकडे आल्या आहेत. काल रात्री मी स्वयंपाकघरात बसून, पोळ्या लाटणाऱ्या बायकांना विचारून हिशेब केला. आमच्याच्याने नीट होतील 260. नवीन ऑर्डरी बंद केल्या आहेत. शेवटच्या 80 जणांना आज संध्याकाळी 6 पर्यंत फोन येईल आणि पैसे आजच परत जातील, म्हणजे दुसरीकडे सांगायला तीन दिवस मिळतील. उरलेल्या 260 पैकी कुणाचा आमच्यावर विश्वास उरला नसेल तर याच मेलला "रद्द" एवढंच लिहून पाठवा. कारण विचारणार नाही. पेठेबाहेरचे डबे सोमवारी सकाळी 8 च्या आत निघतील. 9 वाजता एखादा डबा उशिरा होणार असं दिसलं, तर 9 लाच फोन येईल, आणि फोनवर माणूस असेल.

काही राहिलं असेल, मी काही चुकीचं लिहिलं असेल, तर या मेललाच उत्तर द्या. हा पत्ता मी स्वतः वाचतो.

कळावे,

मंदार
संस्थापक

ता. क. सणानिमित्त ॲपवर वरून झेंडूच्या पाकळ्या पडतात, त्या पैसे परत मिळाल्याच्या पानावरही पडतात असं आत्ता कळलं. काढायला सांगितलं आहे, पण संध्याकाळपर्यंत वेळ लागेल. त्याआधी ते पान उघडलंत आणि पाकळ्या पडल्या, तर त्याबद्दलही माफ करा.