वार्षिक सर्वसाधारण सभा २०२४-२५ : हिशेब आणि रखडलेल्या दुरुस्त्या

स्लाइड १
सहकारी गृहरचना संस्था, कर्वेनगर, पुणे
ए आणि बी इमारत, ४८ सदनिका
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळी १०.३०
बी इमारतीचे पार्किंग

आजचा मुख्य निर्णय: पुढच्या पावसाळ्याआधी खांब, गच्ची, ड्रेनेज आणि पाण्याची टाकी. रंगकाम नंतर.

स्लाइड २ : वर्षभरात आलेले पैसे

- देखभाल शुल्क (दरमहा २,५०० × ४८): १४,४०,०००
- मुदत ठेवींवरील व्याज: १,१२,०००
- थकबाकीवरील व्याज: ३८,०००
- भाड्याने दिलेल्या ९ सदनिकांचे बिनभोगवटा शुल्क: १९,४४०
- इतर: १०,५६०
- एकूण: रु. १६,२०,०००

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीची वर्गणी यात धरलेली नाही. ती थेट त्या त्या निधीत जमा होते.

स्लाइड ३ : खर्च

- सुरक्षारक्षक: ४,३२,०००
- वीज (लिफ्ट, पंप, जिने): २,५८,०००
- पाण्याचे टँकर: २,३४,०००
- किरकोळ दुरुस्त्या: १,८६,०००
- साफसफाई व कचरा: १,६८,०००
- लिफ्टचा वार्षिक देखभाल करार: १,१०,०००
- ड्रेनेज तुंबल्यावर काढण्याचा खर्च: ६२,०००
- ऑडिट, हिशेबलेखन, बँक: ४८,०००
- विमा: ३४,०००
- एकूण: रु. १५,३२,०००

शिल्लक ८८,०००. त्यातले २५ टक्के, म्हणजे २२,०००, कायद्याने राखीव निधीत जातात. हाती उरतात ६६,०००.

स्लाइड ४ : टँकरचा खर्च दुपटीहून जास्त का झाला?

२०२३-२४ मध्ये ८५ टँकर आणले. २०२४-२५ मध्ये १९५. सदनिका तेवढ्याच आहेत आणि महापालिकेचे पाणी येण्याच्या वेळाही बदललेल्या नाहीत.

मे महिन्यात रात्री ११ वाजता आपण सगळे व्हॉल्व्ह बंद करून जमिनीखालच्या टाकीतली पातळी खडूने आखून ठेवली. पहाटे ५ वाजता पाणी त्या रेघेच्या चार इंच खाली होते. एकही नळ सुरू नव्हता. विकत घेतलेले पाणी आपण जमिनीत सोडतो आहोत. (फोटो : टाकीच्या पूर्वेकडच्या भिंतीतली भेग)

स्लाइड ५ : निधी, ३१ मार्च २०२५ रोजी

- सिंकिंग फंड: १४,२०,०००
- दुरुस्ती निधी: ५,८५,०००
- राखीव निधी: २,१०,०००

आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. आपण हा किमान दरच लावत आलो, तोही १९९८ च्या बांधकाम खर्चावर, म्हणजे सदनिकेमागे ४ लाखांवर. त्यामुळे दुरुस्तीसाठी प्रत्येक घरातून वर्षाला फक्त ३,००० जमतात. मजुरी आणि सिमेंटचे दर मात्र आजचे आहेत. निधी कमी पडतो तो इथे.

सिंकिंग फंडाला हात लावू नये, असे समितीचे ठाम मत आहे. इमारतीवर मोठा प्रसंग आला तर आपल्याकडे तेवढीच रक्कम आहे.

स्लाइड ६ : थकबाकी

६ सभासदांकडे मिळून रु. ३,८४,०००. त्यातले २,७०,००० केवळ दोघांकडे, वर्षाहून अधिक काळ.
आपण १८ टक्के सरळव्याज लावतो (उपविधींची कमाल मर्यादा २१). दोघांनाही नोटिसा दिल्या आहेत. ३१ ऑक्टोबरपर्यंत रक्कम किंवा हप्त्यांचे लेखी पत्र आले नाही, तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करू. नावे पडद्यावर दाखवणार नाही.

स्लाइड ७ : स्ट्रक्चरल ऑडिट काय सांगते

इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी आणि ३० ओलांडली की दर ३ वर्षांनी हे ऑडिट करायचे असते. आपल्या इमारती २७ वर्षांच्या आहेत.

ए इमारतीच्या पार्किंगमधल्या पाच खांबांचे कव्हर फुटले आहे, सळया उघड्या पडून गंजल्या आहेत. जिन्याजवळच्या खांबाला हात लावला तर गंजाची पापडी हातात येते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून ढकलते. नुसता गिलावा मारून हे थांबत नाही. गंज काढून, सळईला लेप देऊन, गरज तिथे नवी सळई जोडूनच काम करावे लागेल. हे काम सर्वांत आधी.

स्लाइड ८ : गच्ची

ए इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या चारही घरांत गळती आहे. एका घरात जुलैभर ओट्यावर पातेले ठेवून स्वयंपाक झाला. वरच्या स्लॅबमधून येणारी गळती ही संस्थेची जबाबदारी आहे, त्या घराची नाही. (वरच्या घराच्या न्हाणीघरातून खाली गळत असेल, तर खर्च वरच्या सदनिकाधारकाचा.)

तीन दरपत्रके आली. सर्वांत स्वस्त ५,२०,००० चे आहे, पण त्यात जुना कोबा न काढता त्यावरच नवा थर टाकायचा आहे. २७ वर्षांच्या स्लॅबवर आणखी वजन नको, असे इंजिनिअरनी लिहून दिले आहे. म्हणून समितीची शिफारस जुना कोबा काढून करण्याच्या ५,७६,००० च्या दरपत्रकाची आहे. काम झाल्यावर ७२ तास पाणी साठवून चाचणी, त्यानंतरच शेवटचे बिल.

बी इमारतीची गच्ची अजून धरून आहे. तिथे भेगा भरून लेप पुरेल.

स्लाइड ९ : यंदाची कामे (जीएसटीसह)

- ए इमारतीचे पाच खांब: २,२०,००० (ऑक्टोबर)
- गच्ची, ए: ५,७६,००० (दिवाळीनंतर)
- गच्ची, बी: १,६२,००० (जानेवारी)
- ड्रेनेज लाइन व चेंबर: २,८५,००० (फेब्रुवारी). चिनीमातीच्या पाइपांत उंबराची मुळे शिरली आहेत, दरवेळी काढून उपयोग नाही.
- जमिनीखालची टाकी: १,४०,००० (मार्च)
- एकूण: रु. १३,८३,०००

बी इमारतीच्या लिफ्टचा कंट्रोलर पुढच्या वर्षी. रंगकामाची मागणी समितीला मान्य आहे, पण ओल्या भिंतीवर दिलेला रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. भिंती सुकू द्या.

स्लाइड १० : पैसे कुठून

- दुरुस्ती निधीतून: ५,००,०००
- विशेष वर्गणी, प्रत्येक सदनिकेमागे १८,५००: ८,८८,०००

सगळ्या सदनिका सारख्याच आकाराच्या असल्याने वर्गणी समान.
तीन हप्ते : ऑक्टोबर ६,५००, डिसेंबर ६,०००, फेब्रुवारी ६,०००. पेन्शनवर घर चालवणाऱ्या सभासदांना सोयीचे असेल तर हीच रक्कम महिन्याला थोडी थोडी भरता येईल. त्यावर व्याज नाही, फक्त सचिवांना आधी सांगावे.
थकबाकी वसूल होईल असे धरून एक रुपयाही मोजलेला नाही.

स्लाइड ११ : काम चालू असताना

ए इमारतीची गच्ची साधारण सहा आठवडे बंद. सोलरच्या टाक्या आणि डिश अँटेना हलवावे लागतील, सोलरचे गरम पाणी काही दिवस मिळणार नाही. खांबांच्या कामावेळी आठ गाड्यांना पार्किंग मिळणार नाही. त्यांची सोय बी इमारतीमागे केली आहे.

स्लाइड १२ : मंजुरीसाठी ठराव

१. २०२४-२५ चा ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक स्वीकारणे.
२. रु. १३,८३,००० च्या कामांना आणि निवडलेल्या दरपत्रकांना मंजुरी.
३. सदनिकेमागे रु. १८,५०० विशेष वर्गणी.
४. एप्रिल २०२६ पासून दुरुस्ती निधी दरमहा २५० ऐवजी ५००.
५. कामावर देखरेखीसाठी समितीबाहेरचे तीन सभासद, दोन ए मधून, एक बी मधून. बिल देण्याआधी त्यांची सही लागेल.

प्रत्येक ठरावाला सूचक, अनुमोदक आणि हात वर करून मतदान. तिन्ही दरपत्रके आणि ऑडिट अहवाल समोरच्या टेबलावर आहेत. दुसऱ्या ठरावावर मत देण्याआधी चाळून पाहा.