कॉस्टिक सोडा (पापडी): गोणीसोबतच्या इंग्रजी कागदाचे मराठी
डाइंग खाते, तिन्ही पाळ्यांसाठी

कागदावरचा मजकूर:

H314: त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते.
H290: धातू खाऊ शकतो.

(दुसऱ्या ओळीमुळेच ॲल्युमिनियमची बादली किंवा घमेले वापरायचे नाही. त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. प्लास्टिकचीच बादली घ्या.)

डोळ्यात गेल्यास: लगेच नळाखाली जा. पापण्या बोटांनी उघड्या धरून साध्या पाण्याची संथ धार सोडा. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा, नंतर धुणे चालूच ठेवा. निदान 15 मिनिटे, आणि त्यानंतरही गाडी येईपर्यंत. डोळा चोळू नका. आग कमी झाली म्हणून थांबू नका. कॉस्टिक आत मुरत जातो. एकाने धुवावे, दुसऱ्याने 108 लावावा.

अंगावर पडल्यास: कपडे, बूट, मोजे लगेच काढा. लाजू नका. पापडी चिकटली असेल तर आधी कोरडीच झटका, मग भरपूर पाणी. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काहीही लावायचे नाही.

पोटात गेल्यास: तोंड धुवा. उलटी करवू नका, वर येताना घसा पुन्हा भाजतो. लगेच दवाखाना.

धूळ नाकात गेल्यास: मोकळ्या हवेत बसवा. दम लागला तर 108.

डॉक्टरांना दाखवायला मूळ इंग्रजी कागद सोबत न्या. तो सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला आहे.

द्रावण करताना थंड पाण्यात थोडी थोडी पापडी टाका. पापडीवर पाणी कधीच ओतू नका, उकळून अंगावर उडते.