पाप कुणाचं, लाज कुणाला

युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे त्याला कुंतीकडून कळलेलं असतं, आणि तो वनात जायला निघतो. भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास सगळे समजावतात की तू क्षत्रियाचा धर्म पाळलास. प्रायश्चित्ताचे मार्गही त्याला सांगितले जातात. तरी शांतिपर्वात तो पुन्हा पुन्हा त्याच दुःखाकडे वळतो. त्याच महाभारतात द्रौपदीला केसांना धरून सभेत ओढलं जातं. तिने काहीही केलेलं नाही, पण लाज तिच्या वाट्याला येते. आणि ओढणाऱ्या दुःशासनाचं पाप सगळ्या सभेसमोर घडतं, पण त्याला ना पश्चात्ताप, ना लाज.

पाप, अपराधभाव आणि लाज या तीन गोष्टी बोलताना आपण सहज एकमेकींत मिसळतो. महाभारताने त्या तीन वेगळ्या माणसांत दाखवल्या आहेत. पाप देवाच्या किंवा धर्माच्या व्यवस्थेपुढे ठरतं, कर्त्याला ते जाणवो न जाणवो. अपराधभाव केलेल्या कृत्याला धरून राहतो. लाज मात्र कृत्यापाशी थांबत नाही, ती अख्ख्या माणसाला घेरते, आणि तिला कुणाची तरी नजर लागते, समोरची किंवा मनातली. कोणत्या परंपरेने कशावर भर दिला हे पाहण्यासारखं आहेच, पण मला त्या सगळ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे: ज्याचं वाईट झालं, तो माणूस या हिशेबात कुठे बसतो?

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विचारतो की माझा असा कोणता मोठा अपराध झाला? कारणंही तोच सांगतो: दारू, राग, फासे, अविचार. वाडवडिलांनी केलेल्या द्रोहातूनही सोडव, असं तो मागतो. दाव्यातून वासरू मोकळं करावं तसं मला मोकळं कर, म्हणतो. फार सुंदर सूक्त आहे हे. पण बोलणं भक्त आणि देव यांच्यातलं आहे, ज्याला दुखावलं तो तिसरा माणूस तिथे नाही.

धर्मशास्त्रात तो येतो, आणि येतो तो जातीसकट. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात क्षत्रियाच्या वधाचं प्रायश्चित्त ब्रह्महत्येच्या एक चतुर्थांश, वैश्याच्या वधाचं एक अष्टमांश आणि शूद्राच्या वधाचं सोळावा हिस्सा ठरवलं आहे. त्याच अध्यायात असंही म्हटलंय की पाप करून ज्याला मनापासून ताप होतो आणि ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणून जो मागे फिरतो, तो शुद्ध होतो. अनुतापाचं एवढं मोल जाणणाऱ्या ग्रंथाने मेलेल्या माणसाची किंमत अपूर्णांकात लावली, हे मला आजही वाचवत नाही.

ख्रिस्ती परंपरेने पापाला माणसाच्या जन्माशीच जोडलं. त्यात मोठा वाटा संत ऑगस्टिनचा. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळंही खास नव्हती, बरीचशी डुकरांना टाकली. मग हे केलं कशासाठी? वाईट करण्यातच गोडी वाटली म्हणून, असं तो लिहितो आणि पानंच्या पानं स्वतःचं मन उकलत जातो. इतकं निर्दय आत्मपरीक्षण क्वचितच कुणी केलं असेल. तरी झाडाच्या मालकाचा विचार त्यात जवळजवळ नाही. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की चोरलेलं परत करता येत असताना केलं नाही, तर पाप सुटत नाही, असं त्यानेच एका पत्रात ठासून लिहिलं आहे. पुढे १२१५ साली चर्चच्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पाद्रीपुढे कबुली द्यावी असा नियम केला. गोव्याच्या कॅथलिक घरांत आजही पाळला जाणारा हा संस्कार त्याच परंपरेतला.

इस्लाममध्ये जन्मजात पाप नाही. आदम चुकला, त्याने क्षमा मागितली, ती मिळाली, विषय तिथे संपला. तौबा करायची तर ते कृत्य सोडायचं, पस्तावायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. पण माणसाचा हक्क मारला असेल तर एवढ्यावर भागत नाही, त्याचं त्याला परत द्यावं लागतं किंवा त्याच्याकडून माफी घ्यावी लागते. ज्यू परंपरा हेच आणखी कडक शब्दांत सांगते. मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात नियम आहे की माणूस आणि देव यांच्यातली पापं योम किप्पूरच्या, म्हणजे उपवास आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी फिटतात, पण माणसामाणसांतली, समोरच्याची समजूत काढल्याशिवाय त्या दिवशीही फिटत नाहीत. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायलही हा कडक उपवास पाळत आले. इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. देवानेच सांगून टाकलंय की तुझ्या शेजाऱ्याच्या वतीने मी माफ करणार नाही.

जैनांचं प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुका आठवून त्यांपासून मागे फिरणं, याच्या जवळ जातं. आमच्या इमारतीत पार्किंगवरून दोन वर्षं अबोला धरलेले एक गृहस्थ संवत्सरीला समोरच्याच्या दारात गेले. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाले, आणि मग त्या भांडणात आपण काय काय बोललो होतो तेही एकेक करून सांगितलं. सगळ्यांना एकदम पाठवलेल्या मेसेजमध्ये हे दुसरं येत नाही.

लाजेबद्दल मात्र आपलं मत फार घाईने बनतं. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ साली जपानवर लिहिताना लाजेच्या आणि अपराधभावाच्या संस्कृती वेगळ्या काढल्या, आणि तेव्हापासून लाज म्हणजे फक्त ‘लोक काय म्हणतील’ अशी समजूत पसरली. मला ती पटत नाही. बौद्ध परंपरेत हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे वाईट करण्याची लाज आणि त्याच्या परिणामांचं भय, हे जगाला सांभाळणारे दोन शुभ्र धर्म मानले आहेत. लाज इथे कृत्याच्या आधी येते आणि हात धरते. उलट, झालेल्या गोष्टीवरून मनात चालणारी कुक्कुच्च नावाची तगमग पाच नीवरणांत, म्हणजे ध्यानाच्या अडथळ्यांत, मोडते. अनेकांचे जीव घेतलेला दरोडेखोर अंगुलिमाल भिक्षू झाला तरी भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड खाऊन रक्तबंबाळ परतला. बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितलं, तुझ्या कर्माचं फळ तू इथेच भोगतो आहेस म्हणून. चीनमध्ये तत्त्वज्ञ मेन्शियसनेही लाज वाटणाऱ्या मनाला न्यायबुद्धीचा अंकुर म्हटलं.

ही लाज करणाऱ्याची आहे. जातिव्यवस्थेने ती सोसणाऱ्याच्या अंगावर टाकली. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर लाठ्या घेऊन हल्ला झाला. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ‘शुद्धी’ केली गेली. डोकी फुटली त्याचं प्रायश्चित्त नाही, पाण्याला हात लागला त्याचं मात्र झालं. पापाची सगळी भाषा, मंत्र, विधी हाताशी होते, आणि जखमी माणूस त्यात कुठेच नव्हता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली. प्यायला गेलेल्यांनी आपल्यावर टाकलेली लाज नाकारली होती. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने त्यांचा पाण्याचा हक्क मान्य केला. लाठ्या चालवणाऱ्यांना काही वाटलं का, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हता, आणि तो विचारायला दुसरी कुठली जागाही आपण केलेली नाही.