५,००० जण, आणि मनापासून आभार

१
रानभाज्यांच्या या पानावर आता आपण ५,००० जण आहोत. तुम्हा सगळ्यांचे आभार!

२
पहिले आभार कर्जतच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या ठाकूर आणि कातकरी मावश्यांचे. कोवळा टाकळा कसा ओळखायचा, भारंगीचा पाला उकडून पाणी का टाकायचं (कडवटपणा जातो), हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीतही सांगितलं. इथलं बरंचसं ज्ञान त्यांचं आहे.

३
मग तुमचे. शेवळांच्या पोस्टखाली तुम्ही घरोघरच्या पद्धती लिहिल्यात. कुणी काकडाची फळं ठेचून त्यांचा रस घालतं, कुणी चिंच, कुणी सोबत कोलंबी किंवा वाल. घशाला खाज येऊ नये म्हणून आंबट हवंच, यावर मात्र सगळ्यांचं एकमत! त्या पद्धती मी वहीत उतरवून घेतल्या आहेत.

४
विदर्भातून तरोट्याच्या, म्हणजे आपल्या टाकळ्याच्याच, भाजीचे फोटो पाठवणाऱ्यांचेही आभार. कोकणात आम्ही टाकळ्यात ओलं खोबरं घालतो, तुमची लसूण-मिरचीची परतलेली भाजी आता आमच्याही घरी होते.

५
आणि ज्यांनी फक्त शांतपणे वाचलं, आईला दाखवलं, बाजारात जाऊन एक जुडी घेतली, त्यांचेही तितकेच आभार.

६
पुढच्या पोस्टमध्ये करटोली: बिया कधी काढायच्या, कधी ठेवायच्या. तोवर एक विनंती. न ओळखीची भाजी रानातून स्वतः तोडू नका, जाणत्या माणसाकडूनच घ्या. आणि मावश्यांशी भाव करू नका.