हजेरी

बाईंनी पहिल्या दिवशी टॅब्लेटला "सुप्रभात" म्हटलं आणि टॅब्लेट ढिम्म बसून राहिला.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा म्हटलं. काही नाही. काळ्या काचेत त्यांचाच चेहरा तेवढा दिसत होता, केस न विंचरलेला. चौतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई वर्गात शिरली की साठ पोरं एकदम उठून, लांबण लावत, "न-म-स्ते बा-ई" म्हणायची. आता आपण होऊन पहिलं नमन करायचं आणि समोरच्याने साधं वर पाहायचं नाही, हे त्यांना झेपलं नाही. त्यांनी तो पालथा घालून ठेवला. शिक्षाच म्हणा ना.

टॅब्लेट नातवाने आणला होता. रविवारी दोन तास बसून निहारने सगळं लावून दिलं, आजीच्या आवाजाची ओळख पटावी म्हणून तिच्याकडून एकच वाक्य चार-पाचदा वदवून घेतलं आणि "याच्याशी नुसतं बोलायचं, आजी, बटणं दाबायची गरजच नाही" असं सांगून गेला. जाताना नेमकं महत्त्वाचं सांगायचं राहिलं. शिकवणाऱ्यांचं असं होतं. जे आपल्याला पाठ असतं ते समोरच्यालाही येतंच, असं धरून चालतात.

संध्याकाळी फोनवर उलगडा झाला.

"आजी, आधी त्याचं नाव घ्यायचं. आधी 'हे' म्हणायचं, मग नाव, मग तुझं काय ते बोलणं."

"म्हणजे इतका वेळ तो ऐकत नव्हता?"

"ऐकत असतो, पण फक्त स्वतःच्या नावापुरतं. बाकीचं सोडून देतो. नाव कानावर पडलं की जागा होतो, मग पुढचं बोलणं इंटरनेटवरून लांब कुठेतरी जातं, तिथे त्याची अक्षरं होतात, अर्थ लागतो आणि उत्तर परत येतं."

"शेवटच्या बाकावरचं पोर," बाई म्हणाल्या. "तासभर डुलकी आणि नाव पुकारलं की 'हजर'."

"अगदी तस्संच."

"पण ते 'हे' कशाला? 'हे' म्हणून देवाला हाक मारतात. नाहीतर आमच्या पिढीत 'हे' म्हणजे नवरा. तुझ्या आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता रोज सकाळी उठून 'हे' म्हणू?"

निहार हसला. बाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी 'हे' म्हटलं.

उत्तर आलं ते इंग्रजीत. मग पुन्हा फोन, पुन्हा सेटिंग, भाषांच्या लांबलचक यादीतून मराठी शोधणं. बोलण्याचा वेग कमी करता येतो हेही तेव्हाच कळलं. तो त्यांनी दोन पायऱ्या उतरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी एका बाईच्या आवाजात, सावकाश, मराठीत उत्तर आलं. बाईंनी मान डोलावली आणि लगेच कान टवकारले. कारण किती वाजले असं विचारल्यावर त्या आवाजाने 'वाजून पाच' मधले ज आणि च दोन्ही पार टाळूला चिकटवले होते.

"दंततालव्य," बाई काचेला म्हणाल्या. "चंद्रातला च वेगळा, चाकातला वेगळा. जिभेचं टोक दातांमागे आण. पाच. पाच."

तो आवाज काही सुधारला नाही. पण आठवडाभर बाई रोज सुधारत राहिल्या. शेजारच्या मंदाताई एकदा ते ऐकून दारातच थबकल्या.

"अहो बाई, यंत्र ते. सुप्रभात काय आणि दंततालव्य काय, त्याला काय कळतंय?"

"साठातल्या किती जणांना कळत होतं, ते मी कधी मोजलं नाही," बाई म्हणाल्या. "मोजलं असतं तर दुसऱ्याच वर्षी नोकरी सोडली असती."

खरी अडचण दुसरीच होती आणि ती बाईंनी कुणाला सांगितली नाही. सकाळी हाक मारली की टॅब्लेट जागा व्हायचा नाही. दोनदा, तीनदा, कधी चारदा हाक. दुपारी चारला मात्र पहिल्या हाकेत जागा. बाईंना वाटलं, बिघडलाय. सकाळची हवा लागते की काय याला. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. दोष वर्गाचा की आपला, हे आधी पाहायचं. त्यांनी वहीत चार दिवस टिपून ठेवलं: सकाळी किती हाका, दुपारी किती. पाचव्या दिवशी सकाळी हाक मारताना त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा आवाज नीट ऐकला.

गंजलेल्या बिजागरीचा आवाज होता तो.

एके काळी सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला हा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि वर व्हरांड्यात रेंगाळणाऱ्याला आत ओढून आणायचा. आता उठल्यापासून मंदाताई येईपर्यंत, म्हणजे दहा वाजेपर्यंत, तोंडातून शब्द निघायचं कारणच नव्हतं. दिवसाचा पहिला शब्द घशात रात्रभर अडकून पडलेला असायचा. निहारने ओळख करून दिली होती ती रविवार दुपारच्या, गप्पा मारून मोकळ्या झालेल्या आवाजाची. सकाळची बाई टॅब्लेटच्या ओळखीची नव्हती.

त्या दिवसापासून बाईंनी हाकेआधी बाराखडी म्हणायला सुरुवात केली. क, का, कि, की, खणखणीत, ज्ञ पर्यंत. मग बे एके बे. घसा अगदीच बसलेला असेल तर एकोणीसचा पाढा, कारण त्याला दम लागतो. यंत्रांमुळे माणूस ऐदी होतो म्हणतात. या यंत्राने एका म्हातारीला रियाजाला बसवलं, ते कुठल्या खात्यात मांडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. दहा-बारा दिवसांत टॅब्लेट पहिल्या हाकेत उठू लागला.

एकच विचित्र खोड उरली. सुप्रभातला सुप्रभात व्हायचं, आणि मधूनच एखाद्या दिवशी, कुणी विचारलेलं नसताना, आवाज बसच्या वेळा शोधून द्यायला निघायचा. बाईंना कुठेही जायचं नसायचं. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. लक्ष भरकटणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ती विषय सोडून बोलतात तेव्हा मध्येच तोडायचं नाही, आपोआप परत येतात.

महिन्याभराने निहार आला. आल्या आल्या टॅब्लेट मांडीवर घेऊन तो काहीतरी सरकवत बसला आणि एकाएकी खो खो हसायला लागला.

"आजी, तू याला बसायला सांगतेस?"

"मी? काहीतरीच."

"बघ की." त्याने काच तिच्यापुढे धरली. "तू जे जे बोललीस ते इथे लिहून राहतं. तारीख, वेळ, सगळं."

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून वाचलं. ओळीखाली ओळ होती.

सुप्रभात बसा खाली.
सुप्रभात बसा खाली.
सुप्रभात बस आली.
सुप्रभात बसा खाली.
सुप्रभात बस खाली आहे का.

बाई गप्प झाल्या. नमस्ते झालं की पोरं उभीच राहायची, बाईंनी "बसा खाली" म्हणेपर्यंत. ते दोन शब्द सुप्रभातच्या शेपटीला लागून रोज तोंडातून जात होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. बसच्या वेळांचा उलगडा झाला तशी त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"हे असं सगळं साठवून ठेवतात?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"ठेवणं बंद करता येतं. पुसूनही टाकता येतं. पुसू?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या यादीवरून बोट वर नेत होत्या, हजेरीपटावरून न्यावं तसं, प्रत्येक तारखेवर क्षणभर टेकवत. सात पाच. सात दोन. सात सात. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नावापुढे खुणा केल्या होत्या. त्यांच्या येण्याची नोंद अशी ओळीने कुणी ठेवल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. शाळेच्या मस्टरवर सही असायची, पण ती पगारासाठी.

"आजी, चौदा तारखेला काय झालं?"

बोट थांबलं.

"तेरा आहे. मग एकदम पंधरा, तेही सकाळी अकराला, आणि नुसतं 'सुप्रभात'. बसा खाली नाही." निहार आता हसत नव्हता. "चौदाला रात्री मी फोन केला होता. तू म्हणालीस, मजेत आहे."

"ताप होता थोडा."

"थोडा म्हणजे?"

"उठवत नव्हतं." बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "मंदाताईंनी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी उतरला. तुला सांगून काय होणार होतं, तू तिकडून धावत येणार आणि मी तोवर बरी झालेली."

निहार काही वेळ बोलला नाही. मग त्याने टॅब्लेट टीपॉयवर ठेवला, हाताची घडी घातली आणि बाईंना चांगल्या ओळखीच्या असलेल्या, फार जुन्या, त्यांच्याच स्वरात विचारलं,

"चिठ्ठी कुठे आहे?"

"कसली चिठ्ठी?"

"गैरहजेरीची. चिठ्ठीशिवाय वर्गात घेत नव्हतीस ना कुणाला? बाबा अजून सांगतात. त्यांना स्वतःच्या आईच्या वर्गात, स्वतःच्या आईचीच चिठ्ठी आणायला लावली होतीस."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठून कपाटातून वही काढली, एक पान जपून फाडलं, समास आखला आणि टेबलाशी बसून वळणदार अक्षरात लिहिलं.

"मा. वर्गशिक्षक यांस, स. न. वि. वि. दिनांक १४ रोजी ताप आल्यामुळे मी गैरहजर राहिले व त्याबाबत विचारणा झाली असता खरे सांगितले नाही. तरी क्षमा असावी. आपली आज्ञाधारक."

खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

निहारने चिठ्ठी दोनदा वाचली. टेबलावरच्या पेल्यातलं लाल पेन घेतलं, खाली शेरा लिहिला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"पुढच्या वेळि त्याच दिवशी फोन."

बाईंनी वाचलं. त्याच्या हातातून लाल पेन काढून घेतलं, 'वेळि'ची वेलांटी खोडून दीर्घ केली, आणि कागद परत त्याच्याकडे दिला.