चालू वर्षाच्या मध्येच वाढवलेल्या शाळेच्या फीविरुद्ध तक्रार अर्ज

दि. 3 डिसेंबर 2025

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, नाशिक

प्रत माहितीसाठी:
मा. शिक्षण उपसंचालक, नाशिक विभाग
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, सिन्नर

विषय: सिन्नर तालुक्यातल्या खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेने नोव्हेंबरमध्ये बेकायदेशीरपणे वाढवलेली फी रद्द करण्याबाबत.

मा. साहेब/मॅडम,

माझी मुलगी या शाळेत चौथीत शिकते. शाळेचं नाव, यूडायस नंबर आणि माझं नाव, पत्ता, मोबाईल हे सगळं वेगळ्या जोडपत्रात दिलंय, कारण हा अर्ज बाकीचे पालकही वाचणार आहेत आणि मुलीच्या नावावरून वर्गात चर्चा नको.

जूनमध्ये शाळेने आम्हाला जे फी कार्ड दिलं त्यावर वर्षाची फी 48,000 रुपये लिहिलीय, 24,000 चे दोन हप्ते, खाली शाळेचा शिक्का आहे. पहिला हप्ता आम्ही जूनमध्येच भरला. मग दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि 10 नोव्हेंबरला शाळेच्या अ‍ॅपवर एक मेसेज आला की "डिजिटल अ‍ॅक्टिव्हिटी व मेंटेनन्स चार्ज" म्हणून प्रत्येक मुलामागे 9,000 रुपये 15 डिसेंबरपर्यंत भरायचे, नाहीतर रोज 50 रुपये लेट फी. ना पत्र, ना मीटिंग, ना कशाचा हिशोब. 48,000 वर 9,000 म्हणजे पावणेएकोणीस टक्के झाले, आणि तेही अर्धं वर्ष उलटून गेल्यावर.

ऑफिसात जाऊन विचारलं तर क्लार्क म्हणाले ही फीवाढ नाहीये मॅडम, हा चार्ज आहे. मला हे पटत नाही. पैसे सगळ्यांकडून सक्तीने घ्यायचे, न भरणाऱ्याला दंड लावायचा, तर मग त्याला नाव काहीही द्या, ती फीच झाली ना? ज्यांनी घाबरून भरलेत त्यांच्या पावतीवर तर चार्ज असंही लिहिलेलं नाही, नुसतं "इतर" लिहिलंय. दोन पालकांनी पावतीची झेरॉक्स दिली, ती जोडली आहे.

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 आपल्याला माहीतच आहे, तरी ज्या गोष्टी मोडल्यात त्या सांगते. कलम 3 प्रमाणे रीतसर ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे शाळेला घेताच येत नाहीत. फी ठरवायची पद्धत कलम 6 मध्ये आहे, म्हणजे व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाची फी किती हवी ते नवीन वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचं, समितीने मान्यता द्यायची, मग मंजूर फी नोटीस बोर्डावर लावायची, आणि ती दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नाही. आमचं वर्ष जूनला सुरू झालं, म्हणजे या वर्षाच्या फीचा विषय डिसेंबर 2024 च्या आधीच समितीपुढे यायला हवा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये अ‍ॅपवर टाकलेला मेसेज यात कुठेच बसत नाही.

आता समितीबद्दल. कायद्यात आहे की दर वर्षी शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ करायचा, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि नावं बोर्डावर लावायची, यादीची एक प्रत आपल्याकडेही पाठवायची. आमच्या शाळेच्या बोर्डावर वाढदिवसाची मुलं आणि ऑलिम्पियाडचे रिझल्ट असतात, समितीची यादी मी तरी कधी पाहिली नाही. विचारलं तर सांगतात समिती आहे, ड्रॉ जुलैमध्ये झाला. पण चिठ्ठ्या टाकायच्या दिवशी हजर राहा असा निरोप आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकाही पालकाला आला नव्हता, आणि चौथीतर्फे समितीत कोण आहे हे चौथीच्या आयांनाच माहीत नाही. ही यादी आपल्या कार्यालयात जमा झालीय का एवढं बघितलं तरी अर्ध्या गोष्टी उघड होतील, म्हणून सुरुवात तिथूनच करावी ही विनंती.

शाळेचं म्हणणं असं की खर्च वाढला, लाईट बिल वाढलं, देखभालीला पैसे लागतात. लागत असतील, मी नाकारत नाही, शिक्षकांना पगार चांगला मिळावा असंही मला वाटतं. पण देखभालीचा आणि प्रशासनाचा खर्च, पगार, पगारातली वार्षिक वाढ, हे सगळं फी ठरवतानाच धरायचं असतं, कलम 9 मध्ये तसं दिलंय. मग 48,000 मध्ये मेंटेनन्स धरलेलाच आहे आणि त्याच मेंटेनन्सचे आता परत पैसे मागतायत. आणि डिजिटल म्हणाल तर आमच्या मुलीच्या वर्गात अजून खडू-फळाच आहे, स्मार्ट टीव्ही फक्त ऑफिसशेजारच्या खोलीत आहे, जिथे नवीन अ‍ॅडमिशनचे पालक बसवतात.

कोणी म्हणेल की 25 टक्के पालक एकत्र आले तरच तक्रार घेता येते. ती अट समितीने ठरवलेल्या फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं असेल तर आहे. इथे समितीने काही ठरवलंय याचाच पत्ता नाही. ठरलेल्या फीच्या वर घेतलेल्या पैशांची तक्रार एका पालकाने केली तरी ती आपण घ्यावी. तरीही सोबत 31 पालकांच्या सह्या आहेत. जास्त झाल्या असत्या पण बरेच जण म्हणाले ताई तुम्ही करा, आमचं पोरगं तिथंच शिकायचंय.

ही भीती उगाच नाहीये. मागच्या आठवड्यात वर्गात 9,000 न भरलेल्या मुलांची नावं सगळ्यांसमोर वाचली गेली आणि न भरल्यास सहामाहीचं प्रगतीपुस्तक मिळणार नाही असं मुलांनाच सांगितलं. मुलगी घरी येऊन विचारते, आपण पैसे का नाही भरले? माझे मिस्टर मुसळगाव एमआयडीसीत शिफ्टला आहेत, एका महिन्यात 9,000 जादा काढणं आमच्यासारख्यांना सोपं नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला ते का समजवायचं? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मुलांचा मानसिक छळ करायला बंदी आहे, आणि कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला पैशाचं बोलायचं तर आमच्याशी बोला.

तर माझी मागणी अशी आहे की 15 डिसेंबरच्या आधी शाळेला लेखी आदेश देऊन ही 9,000 ची वसुली आणि लेट फी थांबवावी, ज्यांनी भरलेत त्यांना परत द्यावी किंवा पालकाची हरकत नसेल तर दुसऱ्या हप्त्यात वळती करावी, आणि फीवरून कोणत्याही मुलाचं प्रगतीपुस्तक अडवू नये, नावं वाचू नयेत. शाळेकडून समितीच्या निवडीचं आणि फी मंजुरीचं इतिवृत्त मागवून त्याची प्रत आम्हाला मिळावी. इतिवृत्त मागच्या तारखेचं तयार होऊन आलं तर सह्या केलेल्या पालकांना समोर बोलावून विचारावं, एवढं खास सांगते. पैसे जादा घेतल्याचं सिद्ध झालं तर फीच्याच 2011 च्या कायद्यातल्या कलम 16 प्रमाणे पहिल्या वेळेलाच किमान 1 लाख रुपये दंडाची तरतूद आहे, ती कारवाई प्रस्तावित करावी.

दुसरा हप्ता 24,000 आम्ही वेळेत भरणार आहोत, फी बुडवायची आमची इच्छा नाही. शाळेने फक्त हप्ता घ्यायला नकार दिला आणि 9,000 सकटच भरा म्हटलं (अ‍ॅपवर आता 33,000 असाच एकच आकडा दिसतो, वेगळं भरायची सोयच नाही) तर काय करायचं तेही आपण लेखी कळवावं.

सुनावणी ठेवली तर आदल्या दिवशी फोन करावा, मी आणि अजून चार-पाच पालक नाशिकला येऊ.

सोबत: जूनचं फी कार्ड, पहिल्या हप्त्याची पावती, 10 नोव्हेंबरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, "इतर" लिहिलेल्या दोन पावत्यांच्या झेरॉक्स, अ‍ॅपवरच्या 33,000 च्या पानाचा स्क्रीनशॉट, 31 पालकांच्या सह्या, शाळेच्या आणि माझ्या माहितीचं जोडपत्र.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मिळावा.

आपली विश्वासू,
इयत्ता चौथीतल्या विद्यार्थिनीची आई
सिन्नर, जि. नाशिक